आठ हजार टॉवेल मागवण्याआधी

समजा, पुण्यातला एक व्यापारी महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांना चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल असा माल पुरवतो. आजवर त्याने टॉवेल घाऊक दुकानातूनच घेतले. आता हंगामासाठी त्याला एकदम ८,००० टॉवेल हवे आहेत: पांढरे, निळ्या काठाचे, ७५ बाय १५० सेंटिमीटरचे. सोलापूरच्या एका कारखान्याने पाठवलेला नमुना उत्तम आहे. दर नगाला २०० रुपये धरला, तर ऑर्डर १६ लाखांची होते. मालक फोनवर गोड बोलतात, ‘रोज हजार टॉवेल काढतो’ असं सांगतात आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतात.

अशा वेळी कारखाना पाहून येणं शहाणपणाचं आहे, हे कोणीही सांगेल. पण तयारी न करता गेलेला माणूस चहा पितो, मागांचा खडखडाट ऐकतो, मालकांच्या खुर्चीमागची प्रमाणपत्रं बघतो आणि ‘कारखाना मोठा आहे हो’ असं म्हणत परततो. भेटीतून काय कळणार, हे पुष्कळसं निघण्यापूर्वीच ठरलेलं असतं.

सुरुवात पत्रापासून होते. ‘येऊन बघायचंय’ असं फोनवर तोडून टाकलं की समोरच्याला वाटतं, आपल्यावर विश्वास नाही. न सांगता जाऊन उभं राहणं तर त्याहून वाईट. त्या दिवशी मालक सुताच्या खरेदीला बाहेर गेलेले असू शकतात. पत्रात ऑर्डरचा आकडा आधी यावा, म्हणजे येणारा माणूस पोकळ चौकशा करणारा नाही हे कळतं. साधारण असं लिहिता येईल:

‘सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेला टॉवेलचा नमुना आम्हाला पसंत आहे. सुमारे ८,००० नगांची पहिली ऑर्डर देण्याचा विचार आहे. ऑर्डर मोठी आणि आपला पहिलाच व्यवहार, म्हणून त्याआधी आपला कारखाना पाहून समक्ष बोलावं अशी इच्छा आहे. पुढच्या आठवड्यात माग चालू असतील असा आपल्या सोयीचा दिवस कळवावा. आम्ही दोघं सकाळी दहाला येऊ. आधी विणाई, मग धुलाई-रंगाई, शिलाई आणि पॅकिंग पाहू. दुपारी नमुन्याचं वजन-माप आपल्या माणसांसमोर घेऊ आणि शेवटचा तासभर मुदत व तपासणीबद्दल बोलू. दराची बोलणी त्या दिवशी नकोत. रंगाई बाहेर होत असेल, तर ती जागाही दाखवावी. फोटो आपल्या परवानगीनेच काढू. इतर ग्राहकांच्या डिझाइनचे काढणार नाही. येण्याजाण्याची व्यवस्था आमची आम्ही करू.’

यातलं ‘माग चालू असतील असा दिवस’ हे शब्द गाळू नयेत. साप्ताहिक सुट्टीच्या किंवा वीज बंद असलेल्या दिवशी गेलात, तर झाकलेले माग पाहून परतावं लागेल. दराची बोलणी बाजूला ठेवण्यालाही कारण आहे. घासाघीस सुरू झाली की मालक कारखाना दाखवायचं सोडून कारखाना विकायला लागतात.

उत्तर येईपर्यंत घरबसल्या एक काम उरकावं. gst.gov.in वर कारखान्याचा जीएसटी क्रमांक टाकला, की नोंदणी चालू आहे का आणि व्यवसायाचा पत्ता कोणता, हे दिसतं. तो पत्ता आणि जिथे तुम्हाला बोलावलं आहे ती जागा वेगळी असेल, तर त्यात गैर काही असेलच असं नाही. पण प्रश्न विचारायला हवा.

खरी तयारी आकडेमोडीची आहे, आणि ती वहीच्या एका पानात मावते. टॉवेलचा दर्जा ‘जीएसएम’मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम यात मोजतात. आपला टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटर, म्हणजे सव्वा चौरस मीटरला थोडा कमी: १.१२५. ठरलेलं वजन ४०० जीएसएम असेल, तर एक टॉवेल ४५० ग्रॅमचा हवा. तो ३८० जीएसएमचा निघाला, तर हाताला फरक कळतही नाही. पण वीस-बावीस ग्रॅम सूत कमी गेलेलं असतं. साऱ्या ऑर्डरवर ते १८० किलो होतं आणि आपल्या दराने त्याचे ८०,००० रुपये होतात.

दुसरा हिशेब ‘रोज हजार’चा. साध्या यंत्रमागावर मिनिटाला साधारण १२० वेळा बाणा जातो. टॉवेलच्या एका इंचात बाण्याचे ४० धागे धरले, तर माग मिनिटाला तीन इंच कापड विणतो. दीड मीटर म्हणजे ५९ इंच, म्हणजे एका टॉवेलला वीस मिनिटं. पण धागा तुटतो, कांडी संपते, बीम बदलावा लागतो. माग चारांतला एक भाग वेळ थांबतो असं धरलं, तर सव्वीस-सत्तावीस मिनिटं होतात. वीस तास चालणारा माग दिवसाला ४५ टॉवेल देईल. हजार टॉवेलांना असे बावीस माग लागतात. रुंद मागावर दोन टॉवेल शेजारी-शेजारी विणले जात असतील, तर निम्मे पुरतील. रेपियर माग याहून बराच जलद चालतो, त्याचा हिशेब वेगळा करावा.

आता हा कागद खिशात घालून सोलापूरला, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शहराच्या पूर्व भागातल्या पेठांमध्ये जा. सोबत टेप, ग्रॅममध्ये मोजणारा लहान इलेक्ट्रॉनिक काटा, दोन पांढरे रुमाल आणि पाण्याची बाटली असू द्या. पसंत केलेला नमुना मधोमध कापून दोन्ही अर्ध्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या आहेत, त्यासाठी न पुसणारं पेनही ठेवा. (अर्धा त्यांच्याकडे, अर्धा तुमच्याकडे. पुढे ‘असाच तर नमुना होता’ हा वाद होत नाही.)

शेडमध्ये माग मोजा, पण चालू असलेले. त्यातलेही टॉवेलचे किती, चादरीचे किती, ते वेगळं मोजा. टॉवेलचा माग लगेच ओळखता येतो, कारण त्याला ताण्याचे दोन बीम असतात. एक घट्ट ताणलेला, पायाचा. दुसरा सैल सोडलेला, ज्याच्या धाग्यातून फुगीर वेटोळी तयार होतात. एका मागासमोर दहा मिनिटं उभं राहा. विणलेल्या कापडावर खडूने रेघ मारायला सांगा आणि दहा मिनिटांनी ती किती पुढे सरकली ते टेपने मोजा. न थांबता चालला, तर अडीच फूट सरकायला हवी. तेवढ्या वेळात माग किती वेळा थांबला, धागा जोडायला कामगार किती लांबून आला, हेही दिसतं.

समजा, तिथे टॉवेलचे बाराच माग चालू आहेत आणि ते एकेरी आहेत. म्हणजे दिवसाला साडेपाचशेच्या आसपास टॉवेल. मग रोजचे हजार कुठून येतात? बहुतेक वेळा उत्तर सरळ असतं: बाकीचं काम शेजारच्या छोट्या कारखान्यांकडून मजुरीवर करून घेतलं जातं. यंत्रमागाच्या धंद्यात ही रीतच आहे, त्यात फसवणूक नाही. पण मालकांनी ते आपणहून सांगितलं की तुमचा आकडा ऐकल्यावर, याला महत्त्व आहे. ‘बाहेर कोण विणतं, त्यांना सूत तुम्ही देता का, त्यांचा माल कोण तपासतं?’ हे तीन प्रश्न तिथेच विचारा. बाहेरचा कारखानदार स्वतःचं सूत घालत असेल, तर एकाच ऑर्डरमध्ये दोन प्रकारचे टॉवेल येण्याची शक्यता आहे.

आठ हजारांना बारा मागांवर पंधरा दिवस विणाईलाच लागतील. त्याआधी सूत आणून ताणा भरणं, नंतर धुलाई, शिलाई, पॅकिंग. म्हणून ‘पंधरा दिवसांत डिलिव्हरी’ हे शब्द ऐकून खूश होऊ नये.

वजनाची एक गोम आहे. विणाई सोपी जावी म्हणून ताण्याला कांजी लावतात. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या वजनात ती कांजीही असते आणि धुलाईत निघून जाते. शिवाय सुती कापड हवेतला ओलावा पितं. म्हणून धुऊन, वाळवून, शिवून तयार झालेले टॉवेल वजनाला घ्यावेत, आणि मालकांनी काढून दिलेले नव्हे, तर पॅकिंगच्या ढिगातून तुम्ही निवडलेले. एकेका टॉवेलच्या वजनात थोडं मागेपुढे चालतं. दहाही हलके निघाले, तर तो योगायोग नसतो.

निळ्या काठाची परीक्षा ओल्या रुमालाने करा. काठावर दहा-वीस वेळा जोरात घासा. रुमालावर निळी झाक उतरली, तर हॉटेलच्या लाँड्रीत गरम पाणी आणि ब्लीच लागल्यावर काय होईल, ते सांगायला नको. मग टॉवेलवर पाण्याचे थेंब टाका. हाताला लोण्यासारखा लागणारा टॉवेल कधी कधी पाणी शोषतच नाही, थेंब मोत्यासारखा वर बसून राहतो. हा सिलिकॉनच्या सॉफ्टनरचा प्रताप. असा नमुना दुकानात मन जिंकतो आणि पाहुण्याचं अंग ओलंच ठेवतो. न धुतलेल्या नव्या टॉवेलला थोडी सूट द्या, पण एक टॉवेल धुऊन पुन्हा पाहा.

नाकारलेल्या मालाचा ढीग मुद्दाम मागून पाहावा. ‘आमच्याकडे सेकंड माल निघतच नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ तिथे माल तपासला जात नाही असा घ्यावा. ढीग दिसला, त्यावर सुटलेले धागे किंवा तेलाचे डाग खडूने खुणावलेले असले, तर ती चांगली खूण. रंगाईचं पाणी कुठे जातं, हेही विचारा. उघड्या गटारात जात असेल, तर कारवाई होऊन रंगाई हंगामाच्या ऐन मध्यात बंद पडू शकते.

मालकही तुम्हाला जोखत असतात. त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि तो रास्त आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. लेखी करार नसेल, तर १५ दिवसांत. हॉटेलवाले तुम्हाला तीन महिन्यांनी देतात, हे कारण इथे चालत नाही. तेव्हा स्वतःची सोय आधी बघून मगच जा.

एका दिवसाची भेट एकाच दिवसाचं चित्र दाखवते. तुम्ही परतल्यावर ऑर्डर दुसऱ्याच शेडमध्ये विणली जाऊ शकते. त्यामुळे विणाई कुठे होणार, पहिले ३०० टॉवेल तयार झाल्यावर तपासणीनंतरच पुढचं काम, आणि दहा टॉवेलांचं सरासरी वजन किती ग्रॅमच्या खाली गेलं तर माल परत, हे सगळं खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहा. आगाऊ रक्कमही याच टप्प्यांना बांधा.

निर्णय सोलापुरात देऊ नका, पण दोन-चार दिवसांत नक्की कळवा. ऑर्डर द्यायची नाही असं ठरलं, तरी कारणासह कळवा. त्या मालकांनी तुमच्यासाठी दिवस काढला आहे, आणि कदाचित तुमच्या भरवशावर सुताची चौकशीही सुरू केली आहे.