‘तुमचे अशील आम्हाला, आमचे तुम्हाला’

“आपल्यासारख्या नामांकित लॉ फर्मसोबत भागीदारी करण्याची आमची इच्छा आहे. आम्ही आमचे क्लायंट आपल्याकडे पाठवू, आपण आपले आमच्याकडे पाठवावेत. प्रत्येक कामामागे दहा टक्के मोबदला देण्याची आमची तयारी आहे.”

समजा, सांगलीत दोन भागीदारांची एक छोटी सीए फर्म आहे आणि तिने गावातल्या एका वकिलांच्या फर्मला पाठवायला हा ईमेल तयार केला आहे. इंटरनेटवर असे तयार मसुदे ढिगाने मिळतात. भाषा सभ्य, प्रस्ताव दोघांच्याही फायद्याचा. ‘पाठवा’चे बटण दाबायला हरकत काय?

हरकत आहे, आणि ती तीनही वाक्यांना आहे.

सीए मंडळी १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने बांधलेली असतात. त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तनाची यादी आहे. परिपत्रक, जाहिरात, व्यक्तिगत पत्रव्यवहार, भेट किंवा अन्य कोणत्याही मार्गाने, थेट वा आडून, अशील किंवा काम मागणे हे त्या यादीतले सहावे कलम. ‘आपले अशील आमच्याकडे पाठवावेत’ हे वाक्य त्यात जवळजवळ शब्दशः बसते. एका सीएने दुसऱ्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएकडे काम मागितले तर चालते, अशी सवलत त्याच कलमात आहे. वकिलांसाठी ती नाही. तक्रार झाली आणि दोष सिद्ध झाला, तर समज मिळण्यापासून काही काळ सदस्यांच्या नोंदवहीतून नाव काढले जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

पलीकडच्या वकिलांचेही हात बांधलेलेच आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, की दलालामार्फत काम मिळवता येत नाही. वकील नसलेल्या माणसाशी भागीदारी करायला किंवा मोबदला वाटून घ्यायला वेगळ्या नियमाने मनाई आहे. म्हणजे ‘भागीदारी’ हा शब्द आणि ते दहा टक्के वाचूनच जाणता वकील ईमेल बंद करील. काही जण म्हणतात, “आमची फर्म सीएची नाही, आम्ही नुसती हिशेबाची आणि रिटर्न भरण्याची कामे करतो.” त्यांना सीए कायदा लागू नाही हे खरे, पण टक्केवारी ज्यांना देऊ करायची त्या वकिलांना त्यांचे नियम लागू आहेतच.

हे मसुदे बहुतेक अमेरिकेतून येतात. तिथल्या बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत वकील आणि अन्य व्यावसायिक यांनी एकमेकांकडे अशील पाठवण्याच्या कराराला जागा आहे. तिथेही दोन अटी आहेत : करार ‘फक्त तुम्हालाच’ अशा स्वरूपाचा नसावा आणि असा करार आहे हे अशिलाला सांगितलेले असावे. या अटी आपल्याकडे कुणी घातलेल्या नसल्या, तरी मला त्या कोणत्याही कायद्याइतक्याच शहाणपणाच्या वाटतात.

मग सीए आणि वकिलांनी एकमेकांशी बोलायचेच नाही? तसे केले तर नुकसान अशिलाचेच होते. उदाहरण घेऊ. दोन भाऊ एका भागीदारी फर्ममधून बियाण्यांचा धंदा करतात. धाकटा बाहेर पडायचे ठरवतो आणि हिश्श्यापोटी फर्मच्या नावावरचा एक मोकळा भूखंड घ्यायला तयार होतो. भूखंड बऱ्याच वर्षांपूर्वीचा, पुस्तकात आठ लाखांचा. आज त्याचा बाजारभाव साठ लाख. भाऊ वकिलांकडे जातात, निवृत्तीचा दस्त होतो, हस्तांदोलन होते. पण २०२१च्या वित्त कायद्यापासून फर्मने निवृत्त होणाऱ्या भागीदाराला मालमत्ता दिली की ती बाजारभावाने विकली असे आयकर खाते धरते. नफा बावन्न लाख. दीर्घकालीन भांडवली नफ्यावरच्या साडेबारा टक्के दराने साडेसहा लाखांचा कर, अधिक उपकर. आणि तो फर्मवर, म्हणजे मागे राहिलेल्या थोरल्या भावावर. धाकट्याला त्याच्या भांडवल खात्यापेक्षा जास्त मिळाले असेल तर आणखी एक हिशेब निघतो, तो वेगळाच.

दस्तात वकिलांची काही चूक नसते. कर कुणी सोसायचा याची ओळ दस्तात घालायला हवी, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. सीएच्या टेबलावर हा विषय वर्षअखेरीला ताळेबंद करताना येतो. तोवर सह्या होऊन गेलेल्या असतात. उलटही घडते. सीए खाती छान मिटवून देतो, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा विचार कुणी करत नाही, आणि भूखंड कागदावर फर्मचाच राहतो.

तेव्हा ईमेल लिहावाच, पण काम मागण्यासाठी नव्हे. माझ्या मते तो साधारण असा असावा :

“मा. वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या फर्मकडे प्रामुख्याने कौटुंबिक भागीदारी फर्म आहेत. त्यांच्यापैकी काहींना वाटणी, निवृत्ती, मृत्युपत्र अशा कामांसाठी वकिलांची गरज लागते. कुणी विचारल्यास आम्ही दोन-तीन नावे सांगतो, निवड अशील स्वतः करतो. त्यांत आपले नाव सांगितले तर चालेल का, आणि यांपैकी कोणती कामे आपण घेता, हे कळवावे. फी आपण आणि अशील परस्पर ठरवाल. आम्ही कोणताही मोबदला घेत नाही आणि देतही नाही. अशिलाच्या संमतीने दस्ताचा मसुदा सहीपूर्वी आम्हाला दाखवता आला, तर कराची बाजू आम्ही अशिलाला सांगू शकू. कळावे, लोभ असावा.”

‘तुमचे आमच्याकडे पाठवा’ हे यात कुठेच नाही. ते लिहायची गरजही नसते. ज्या वकिलाच्या टेबलावर नीट बांधलेली फाइल येते, ताळेबंद आणि भांडवल खात्यांसकट, त्याला पुढच्या वेळी हिशेबाचा प्रश्न पडला की कुणाला विचारावे हे आपसूक आठवते. अशी ओळख ईमेलपेक्षा कर सल्लागारांच्या संघटनांत जास्त पिकते. मुंबईची १९२६ सालची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स घ्या, तिथे सीए आणि वकील दोघेही एकाच सभेत बसतात.

पहिले अशील पाठवताना मात्र घाईत दोन चुका होतात. एक म्हणजे फाइल परस्पर फॉरवर्ड करणे. अशिलाच्या संमतीवाचून त्याची माहिती बाहेर देणे हे सीए कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन आहे, मग समोरचा वकील कितीही ओळखीचा असो. दुसरी म्हणजे दोन्ही भावांना एकाच वकिलाकडे पाठवणे. फर्मचा सीए दोघांचाही असतो, पण वाटणीत त्यांचे हित वेगळे असते. थोरल्याला एक नाव दिले, तर धाकट्याला दुसरे द्यावे.

आणि प्रकरण नोटीस, धाड किंवा फौजदारीकडे झुकताना दिसले, तर सीएने स्वतः ऐकून घेण्याआधी अशिलाला वकिलाकडे धाडावे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. सीएशी झालेल्या बोलण्याला तसे नाही. इंग्लंडमध्येही २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रुडेन्शियल कंपनीच्या खटल्यात हेच ठरवले : कराचा सल्ला तोच असला, तरी लेखापालाने दिला तर तो विशेषाधिकार मिळत नाही. म्हणून अशा प्रकरणात वकिलाच्या प्रत्येक ईमेलची प्रत सीएला जाण्याची सवय बरी नाही. हिशेबाचे जे कागद हवेत, ते वकिलाने मागावेत, सीएने तेवढेच द्यावेत आणि अशिलाच्या संमतीची दोन ओळींची चिठ्ठी, तारखेसह, आपल्या फाइलला लावून ठेवावी.