डायचे डाग: बेसिन, टाइल्स आणि मग

केसांचा डाय हवेत राहिला की गडद होत जातो, म्हणून बेसिनवर पडलेला थेंब लगेच पुसावा. वाळलेल्या डागावर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट दहा मिनिटं ठेवून मऊ स्पंजने चोळा. चकचकीत थरामुळे रंग वरच असतो, निघतो. टाइल्सच्या सांध्यांत मात्र तो आत शिरतो. तिथे एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी लावून थोड्या वेळाने धुवा. खिडकी उघडी ठेवा. टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्लॅस्टिकचा मग सगळ्यात हट्टी. कापसावर अल्कोहोलवालं सॅनिटायझर घेऊन पुसा. कापूस रंगतोय तोवर पुसत राहा. कापूस कोरा आणि डाग तसाच, म्हणजे रंग प्लॅस्टिकमध्ये मुरला. तारेची घासणी लावलीत, तर ओरखड्यांत पुढचा डाय आणखी बसेल.