काचेपलीकडचं दृश्य बदलताना

वाइनच्या ग्लासचा फोटो घ्यायचा, ग्लास कापून काढायचा आणि दुसऱ्या दृश्यावर ठेवायचा, हे काम ऐकायला सोपं वाटतं. कडेने कितीही नेटकं कापलं, तरी ग्लास नव्या जागी चिकटवलेला दिसतो, कारण त्याच्या पोटात जुनी भिंत तशीच राहिलेली असते. भिंत घालवण्यासाठी लेयरची अपारदर्शकता कमी करावी, तर काचेवरची चमकही फिकी पडते आणि ग्लास भुतासारखा दिसू लागतो.

याचं कारण असं, की काचेच्या प्रत्येक बिंदूवर दोन प्रकाश एकत्र आलेले असतात. एक काचेचा स्वतःचा, म्हणजे तिच्यावर पडलेल्या दिव्याची किंवा खिडकीची चमक. दुसरा मागून येणारा, काचेतून गाळून आलेला. एकाच फोटोत या दोघांची फक्त बेरीज नोंदली जाते. बेरजेवरून दोन्ही संख्या कशा ओळखणार? त्यासाठी दुसरी बेरीज लागते. तोच ग्लास दोन वेगळ्या, माहीत असलेल्या पार्श्वभूमींवर टिपला, तर उत्तर गणितानेच निघतं, हे अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी 1996 मध्ये मांडलं.

घरी करताना सगळ्यात सोयीची जोडी म्हणजे पांढरा कागद आणि काळं कापड. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर पक्के करायचे. ग्लासच्या मागे आधी कागद, मग कापड लावायचं आणि मधल्या वेळात ग्लासला हातही लावायचा नाही. कागद ग्लासला अगदी लगटून नको. त्याचा उजेड ग्लासवर परत उडाला, तर दोन फोटोंत काचेची स्वतःची चमक वेगळी येते आणि हिशेब बिघडतो.

आता आकडे पाहू. समजा फोटोत कागद 240 आणि कापड 10 आलं, म्हणजे फरक 230. ग्लासच्या रिकाम्या भागातला एक बिंदू पांढऱ्यावर 214 आणि काळ्यावर 30 आहे, म्हणजे फरक 184. मागे 230चा बदल झाला, त्यातला 184 काचेतून पुढे आला. म्हणजे ही काच 80 टक्के उजेड सोडते. काळ्यावरच्या 30 पैकी 8 कापडाचेच, उरलेले 22 काचेची चमक. नव्या दृश्यात मागे 150 असेल, तर त्याचे 80 टक्के 120, अधिक 22, उत्तर 142. चमकेचा प्रखर ठिपका दोन्ही फोटोंत 255च असतो. फरक शून्य, म्हणून तो आपोआप पूर्ण अपारदर्शक राहतो.

फोटोशॉपमध्ये हेच लेयरनी होतं. पांढऱ्या फोटोवर काळा फोटो ठेवून मोड `Subtract` करा आणि दोन्ही एकत्र करा. ही झाली गाळणी. `Levels` मध्ये तिचा पांढरा बिंदू 230 वर आणा, म्हणजे मोकळी जागा शुद्ध पांढरी होईल. ही गाळणी नव्या दृश्यावर `Multiply` मोडमध्ये ठेवा. तिच्यावर काळ्या फोटोची प्रत, `Levels` मध्ये काळा बिंदू 10 करून, `Linear Dodge (Add)` मोडमध्ये ठेवा. काळा बिंदू सगळीकडे सरसकट 10 वजा करतो आणि फोटोतले आकडे उजेडाच्या थेट प्रमाणात नसतात, त्यामुळे उत्तर थोडं अंदाजी येतं, पण डोळ्यांना ते पटतं.

लाल वाइन भरलेल्या भागात या पद्धतीचं खरं बळ दिसतं. तिथे लाल रंगाचा बराच उजेड पार होतो, हिरवा आणि निळा जवळजवळ अडतो. लाल, हिरवा, निळा यांची गाळणी वेगवेगळी निघाल्यामुळे, मागे पिवळा दिवा आला तर वाइन लालभडक होते आणि गडद हिरवी झाडी आली तर काळपट. साध्या अपारदर्शकतेच्या एका आकड्याला हे जमत नाही.

चूक ओळखायची असेल, तर ग्लास आधी उभ्या पट्ट्यांच्या भडक चित्रावर ठेवून पाहा. कडेला दुहेरी बारीक रेघ दिसली, तर दोन फोटोंच्या मध्ये ग्लास किंवा कॅमेरा हलला आहे. सभोवती करडा चौकोन दिसला, तर `Levels` नीट बसलेले नाहीत.

पट्ट्यांवर एक मर्यादाही उघड होते. भरलेला ग्लास भिंगासारखं काम करतो आणि मागचं दृश्य उलटं दाखवतो. आपल्या गाळणीतून मात्र पट्ट्या सरळच दिसतात. कोणत्या बिंदूतून मागची नेमकी कोणती जागा दिसते, हे शोधायला नक्षीदार पार्श्वभूमींवर बरेच फोटो लागतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 मध्ये ती रीत दाखवली. घरगुती कामात निदान वाइनच्या भागामागचं दृश्य उलटं करून, थोडं आक्रसून गाळणीखाली ठेवता येतं. आणि नवी पार्श्वभूमी धूसर असेल, तर तेवढीही गरज सहसा पडत नाही, कारण वाकलेली रेघ ओळखायला मुळात मागे रेघ स्पष्ट दिसावी लागते.