रिफंड कुठे अडला, हे क्रमांक सांगतो

ऑनलाइन घेतलेली वस्तू परत केली की ऑर्डरच्या पानावर रिफंडचे तीन टप्पे दिसू लागतात : इनिशिएटेड, प्रोसेस्ड, क्रेडिटेड. आपण ते आपल्या खात्याची खबर म्हणून वाचतो, पण ती दुकानाच्या बाजूची नोंद असते. दुकानाला आपलं बँक खातं दिसत नाही. आपण काय केलं आणि पुढच्याने काय कळवलं, एवढंच त्याला ठाऊक असतं. म्हणून पानावर ‘क्रेडिटेड’ आणि पासबुकात काहीच नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी दुकान बँकेकडे बोट दाखवतं, बँक दुकानाकडे. या दोघांच्या मधून वाट काढायला एक क्रमांक उपयोगी पडतो. तो कधी तयार होतो आणि कुणाला द्यायचा, हे कळलं की पाठपुरावा बराच सोपा होतो.

तीन शब्दांमागे काय घडतं

‘इनिशिएटेड’ म्हणजे दुकानाने परतफेड मान्य केली आणि तशी सूचना पेमेंट गेटवेला, म्हणजे दुकानासाठी पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला दिली. या टप्प्यावर पैसे अजून हललेले नसतात. गेटवे साधारणपणे दुकानाला द्यायच्या रकमेतूनच रिफंड वळता करतो. दुकानाच्या नावावर तेवढी शिल्लक नसेल, तर सूचना तिथेच थांबते आणि पानावर ‘इनिशिएटेड’ तसंच राहतं. अशा वेळी ग्राहकाच्या बँकेला फोन करून उपयोग नाही, कारण तिच्यापर्यंत काही पोहोचलेलंच नसतं.

‘प्रोसेस्ड’ म्हणजे गेटवेने रिफंड पुढे बँकिंग व्यवस्थेत सोडला. कार्डाच्या बाबतीत तो दुकानाच्या बँकेकडून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे येतो. मूळ खरेदी खोडली जात नाही, उलट दिशेने एक नवा व्यवहार होतो. म्हणूनच त्याला काही दिवस लागतात. संदर्भ क्रमांक याच टप्प्यावर तयार होतो, मात्र दुकानाच्या पडद्यावर तो यायला एक-दोन दिवस जाऊ शकतात.

‘क्रेडिटेड’ या शब्दाचा अर्थ मात्र दुकानागणिक बदलतो. काही ठिकाणी पुढून खात्री आल्यावर तो लिहितात, तर काही ठिकाणी ठरावीक दिवस उलटले की तो आपोआप झळकतो. त्यामुळे पैसे आले की नाही, याचा निकाल आपल्या बँकेच्या नोंदीवरूनच लावायचा.

क्रमांक ओळखायचा कसा

दुकान तुम्हाला अनेक आकडे देतं. ऑर्डर क्रमांक, तक्रार क्रमांक, गेटवेचा रिफंड आयडी. बँकेला यातल्या एकानेही शोध घेता येत नाही. बँकेला लागतो तो बँकिंग व्यवस्थेने दिलेला क्रमांक, आणि तो पैसे कुठल्या वाटेने आले यावर ठरतो.

कार्डाने पैसे दिले असतील तर मागायचा तो एआरएन. हा २३ अंकी असतो. यूपीआयने दिले असतील तर १२ अंकी आरआरएन, ज्याला बऱ्याच ॲपमध्ये यूटीआर किंवा यूपीआय रेफरन्स म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे दुकानाने एनईएफटीने खात्यात पाठवले असतील तर १६ अक्षरांचा यूटीआर, ज्यात अक्षरं आणि अंक दोन्ही असतात. कार्डाचा रिफंड म्हणून कुणी बारा-पंधरा आकडी क्रमांक दिला, तर तो एआरएन नाही हे लगेच ओळखता येतं.

एआरएनमध्ये तारीखही दडलेली असते. समजा, हा एक काल्पनिक क्रमांक आहे :

```
7 412345 5072 00012345678 8
```

पहिला अंक प्रकाराचा. पुढचे सहा अंक दुकानाच्या बँकेची ओळख. त्यापुढचे चार अंक म्हणजे तारीख : 5 हा वर्षाचा शेवटचा आकडा, म्हणजे २०२५, आणि 072 म्हणजे वर्षाचा ७२ वा दिवस, १३ मार्च. नंतरचे अकरा अंक त्या व्यवहाराचे आणि शेवटचा अंक पडताळणीचा. म्हणजे पानावर काहीही लिहिलेलं असो, रिफंड बँकिंग व्यवस्थेत कुठल्या दिवशी शिरला हे या चार अंकांवरून कळतं.

एक उदाहरण, तारीखवार

साताऱ्यातल्या एका बाईंनी ३,४९९ रुपयांचा मिक्सर क्रेडिट कार्डावर घेतला आणि भांड्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून परत केला, असं समजू. कुरिअरवाला ८ मार्च २०२५ रोजी मिक्सर घेऊन गेला. १० तारखेला पानावर ‘इनिशिएटेड’ आलं, १३ला ‘प्रोसेस्ड’ आणि १७ला ‘क्रेडिटेड’. २० तारखेला त्यांनी बचत खातं पाहिलं, तर त्यात काहीच नव्हतं. बँकेच्या कॉल सेंटरने सांगितलं, ‘आमच्याकडे या दुकानाच्या नावाने काही आलेलं नाही.’

इथे त्यांनी करायच्या गोष्टी तीन. पहिली, दुकानाच्या चॅटवर एकच मागणी करायची : ‘कार्ड रिफंडचा २३ अंकी एआरएन, रक्कम आणि तारीख लेखी द्या.’ ‘पैसे कुठे आहेत’ असं विचारलं की पाच ते सात दिवस थांबा हे ठरलेलं उत्तर मिळतं. क्रमांक मागितला की दुकानाला तो द्यावा लागतो किंवा तो नाही हे कबूल करावं लागतं.

दुसरी, मिळालेला क्रमांक वाचायचा. समजा त्यांना वरचाच क्रमांक मिळाला. तारीख १३ मार्च. म्हणजे दुकानाने खरोखर पैसे सोडले आहेत. मध्ये १४ला धुळवड आणि १६ला रविवार, म्हणून एवढा उशीर अजून नैसर्गिक आहे. क्रमांकातली तारीख दोन आठवडे जुनी असती, तर मात्र बँकेकडे लगेच लेखी तक्रार करायला हवी होती.

तिसरी, बँकेला दुकानाचं नाव सांगून शोधायला लावायचं नाही. नोंदीत बऱ्याचदा दुकानाऐवजी गेटवेचं किंवा विक्रेत्याच्या मूळ कंपनीचं नाव असतं, त्यामुळे नावाने शोधणाऱ्याला काही सापडत नाही. ईमेल असा पुरतो :

‘माझ्या कार्डाचे शेवटचे चार अंक अमुक. या कार्डावर ३,४९९ रुपयांचा रिफंड येणं अपेक्षित आहे. एआरएन 74123455072000123456788. हा क्रमांक कार्ड विभागाकडून तपासून, रक्कम कोणत्या तारखेला कुठे जमा झाली किंवा का झाली नाही, ते कळवा. तक्रार क्रमांक द्या.’

कार्ड विभागाने शोधलं तर उत्तर सापडतं : रक्कम १८ मार्चला जमा झाली आहे, पण कार्डाच्या खात्यात, गेटवेच्या नावाने. क्रेडिट कार्डाने दिलेले पैसे कार्डावरच परत येतात, बचत खात्यात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पेमेंट ॲग्रीगेटरने रिफंड मूळ मार्गानेच द्यायचा असतो. ग्राहकाने स्पष्ट संमती दिली तरच दुसरा मार्ग. दुकान ‘वॉलेटमध्ये देऊ का’ असं विचारतं तेव्हा ती संमतीच मागत असतं, म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी विचार करावा.

आता कार्डाचं बिल. मिक्सरचे ३,४९९ आधीच्या बिलात लागले असतील, ते अजून भरले नसतील आणि रिफंड देय तारखेच्या आत जमा झाला असेल, तर बँकेने तो देय रकमेतून लगेच वजा करून ग्राहकाला कळवायचं असतं. तरी पैसे भरण्याआधी ॲपमध्ये ताजी देय रक्कम पाहावी. ती कमी झालेली नसेल तर बिल पूर्ण भरणं श्रेयस्कर, कारण व्याज आणि दंड नंतर सोडवून घेणं जास्त त्रासाचं. बिल भरून झाल्यावर रिफंड आला तर कार्डावर जादा शिल्लक दिसते, आणि ती बँक खात्यात मागता येते.

क्रमांकच मिळत नसेल तर

दोन-तीनदा लेखी मागूनही दुकान एआरएन देत नसेल, तर रिफंड बहुधा पहिल्याच टप्प्यावर अडला आहे आणि भांडण दुकानाशी आहे. वस्तू परत घेतल्याची पावती आणि ‘इनिशिएटेड’चा स्क्रीनशॉट जपून ठेवून आपल्या बँकेकडे कार्डाच्या व्यवहाराबद्दल डिस्प्यूट नोंदवता येतो. कबूल केलेला रिफंड न मिळणं हे त्यासाठी मान्य कारण आहे. डिस्प्यूटला मुदत असते, म्हणून महिनोनमहिने वाट पाहू नये. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर दुकानाविरुद्ध तक्रार करता येते.

क्रमांक मिळाला, पण बँक दाद देत नाही, तर वाट वेगळी. बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in या संकेतस्थळावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

खातं बंद झालेलं असेल तर रिफंड बँकेत अडकून न राहता सहसा दुकानाकडे परत फिरतो. अशा वेळी बँकेकडून ‘परत पाठवला’ असं लेखी घ्यावं आणि दुकानाकडून नव्या खात्यात नवा रिफंड आणि नवा क्रमांक मागावा. जुन्या क्रमांकाला आता काही अर्थ उरलेला नसतो.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. पैसे कापले गेले पण ऑर्डरच झाली नाही, तर तो फसलेला व्यवहार. दुकानाला पैसे मिळाल्याची खात्री पोहोचली नसेल, तर कार्डाच्या ऑनलाइन खरेदीत आणि दुकानाला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९चं परिपत्रक सांगतं. वस्तू परत केल्यावरचा रिफंड या नियमात येत नाही. दोन्हींची गल्लत करून भरपाई मागितली की तक्रार कच्ची ठरते.

रिफंड रखडला की लोक इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतात आणि ठगांच्या हाती लागतात. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन, ओटीपी किंवा क्यूआर स्कॅन यांपैकी काहीही लागत नाही. पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना नाही. संदर्भ क्रमांकही आपल्या बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवरूनच द्यावा, आणि दुकानाशी त्याच्या स्वतःच्या ॲपमधूनच बोलावं. फसगत झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा.