शवासनात आलेला घाम

आमच्या भागातल्या समाजमंदिरात गेल्या वर्षी सकाळी सव्वासहाचा योगवर्ग सुरू झाला. शिकवणारी मुलगी तिशीतली, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झालेली. शिकवणे नेटके, आवाज शांत, वर्गात अवघी बारा माणसे. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा मला दूरध्वनी आला. "डॉक्टर, एका काकांना खूप घाम आलाय. दमले असतील म्हणून शवासनात झोपवलंय, पण बोलायला लावलं तर काहीतरीच उत्तरं देताहेत."

समाजमंदिर दवाखान्यापासून दोन मिनिटांवर. जाऊन पाहिले तर काका म्हणजे माझेच जुने रुग्ण, वय ५८, एस. टी.तून निवृत्त झालेले वाहक. अंग गार, सदरा भिजलेला, हात थरथरत होते. बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्रावर तपासले, तर साखर ५२. सत्तरच्या खाली साखर गेली की ती कमी समजायची.

काय झाले होते ते वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण यात कोणाचाही हलगर्जीपणा नव्हता. काकांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशा दोन औषधांची एकत्र गोळी चालू होती. ती सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्यावी असे मी सांगितले होते. नाश्ता आठ वाजता व्हायचा. योगवर्ग सुरू झाल्यावर काकांनी विचार केला की घरी परतायला उशीर होतो, गोळी राहून जाईल, तेव्हा बिनसाखरेच्या चहाबरोबर सहा वाजताच घेऊन टाकावी. इकडे योगासने उपाशीपोटी करावीत हा वर्गाचा नियम. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर होते. बरोबर नव्हती ती फक्त वेळेची सांगड.

ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. त्याच वेळी व्यायामात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी गरजही लागत नाही. एकीकडून गोळी, दुसरीकडून बारा सूर्यनमस्कार आणि पोटात काही नाही. साखर उतरणारच. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर अशी खाली जाणे क्वचितच घडते. म्हणूनच "मला शुगर आहे" एवढे शिक्षकाला सांगून भागत नाही. गोळी कोणती, हे कळले पाहिजे.

काकांना शुद्ध होती आणि गिळता येत होते. शेजारच्या घरातून पेलाभर पाणी आणि साखर मागवली, चार चहाचे चमचे साखर त्यात विरघळवून पाजली. म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, साखर ८८ झाली होती. सत्तरच्या वर आली नसती तर तेवढीच साखर पुन्हा दिली असती. त्यानंतर दोन पोळ्या खाऊ घातल्या. ही शेवटची पायरी लोक विसरतात. नुसती साखर लवकर संपते, आणि या गोळीचा अंमल मात्र दिवसभर टिकतो. अशा वेळी चॉकलेट किंवा बर्फी देऊ नये, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. एका कुशीवर वळवून १०८ला दूरध्वनी करावा.

आता शिक्षिकेचा प्रश्न. "मला ओळखता कसं यावं? दमल्यावरही घाम येतोच की!" तिचे म्हणणे रास्त होते. पण दमल्याचा घाम वर्गातल्या बाकीच्यांनाही आलेला असतो, अंग गरम असते आणि थांबल्यावर पाच मिनिटांत माणूस पूर्ववत होतो. साखर उतरल्याचा घाम गार असतो, थांबल्यावरही वाढत जातो, सोबत थरथर, छातीत धडधड, कडकडून भूक, आणि मग चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे. सर्वांत फसवे ठिकाण शवासन. तिथे गप्प पडलेला माणूस विश्रांती घेतोय असेच सर्वांना वाटते. शंका आली तर नाव, वार, आणि घरी कसे जाणार ते विचारावे. उत्तर अडखळले तर तपासणीची वाट न पाहता साखर द्यावी. साखर नाहक दिली गेली तर बिघडत नाही, न दिल्याने मात्र बिघडू शकते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो.

यानंतर तिने पहिल्या दिवशी भरून घ्यायचा कागद बदलला. आधी त्यावर "आपणांस काही आजार आहे काय?" असा प्रश्न होता आणि बारापैकी दहा जणांनी "नाही" लिहिले होते. आपल्याकडे गोळीने रक्तदाब ताब्यात असलेला माणूस "मला बीपी नाही" असेच म्हणतो, आणि चारचौघांत मधुमेह सांगायला संकोचतो. आता ती एकेकाला बाजूला घेऊन विचारते, "सकाळी कोणत्या गोळ्या घेता? उद्या पाकीट घेऊन या." त्या पाकिटांवरून पाच जणांना मधुमेह आणि चौघांना रक्तदाब निघाला. एक आजी काचबिंदूचे थेंब घालत होत्या. त्यांना डोके खाली करायची आसने वर्ज्य, कारण त्यात डोळ्यांतला दाब वाढतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणारे एक गृहस्थ होते. त्यांना शवासनातून झटकन उठू न देता कुशीवर वळवून, मिनिटभर बसवून मग उभे करायचे, नाहीतर दाब उतरून चक्कर येते.

पुष्कळ वर्गचालक डॉक्टरांचा दाखला मागतात, आणि लोक आमच्याकडे येऊन "तेवढी सही करा" म्हणतात. अशा दाखल्याचा शिक्षकाला उपयोग शून्य. चालताना छातीत दुखते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा गरोदरपण आहे, अशांना जरूर तपासून पाठवावे. बाकीच्यांची औषधांची यादी हाच खरा दाखला.

मधुमेही आता तिच्या पहिल्या रांगेत बसतात. आधी ते संकोचून मागे भिंतीशी बसत आणि त्यांचे चेहरे तिला दिसत नसत. खिडकीत साखरेची बरणी आणि चमचा ठेवलेला असतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे यंत्र आहे ते घरून निघताना साखर पाहतात. नव्वदच्या खाली असली तर अर्धे केळे किंवा दोन बिस्किटे खाऊन येतात. उपाशीपोटीचा नियम त्यांच्यासाठी तिने सैल केला आहे, अर्ध्या केळ्याने आसनांना अडथळा होत नाही. गोळीची वेळ मात्र कोणीही आपल्या मनाने बदलू नये, आपापल्या डॉक्टरांना विचारावे. काकांची गोळी मी पुन्हा नाश्त्याबरोबर केली आणि महिनाभराने साखरेचे आकडे पाहून ग्लिमेपिराइडची मात्रा निम्मी केली. ते वर्गाला नियमित जातात, आणि घरी येऊन पोह्यांची बशी पुढे आल्यावरच गोळीचे पाकीट उघडतात.