साहेब गेले, चार्ज कोणाकडे?

सोमवारी सकाळी शाखा उघडते आणि कळतं की मॅनेजर साहेब आता येणार नाहीत. राजीनामा रात्रीच चेअरमनच्या व्हॉट्सॲपवर पडला आहे. दुपारपर्यंत मुख्य कार्यालयातून फोन येतो: "तुम्ही सीनियर आहात, तात्पुरता चार्ज घ्या." तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेच्या शाखेत हे अधूनमधून घडतं. तोवर शेजारच्या टेबलावर बसणारा पासिंग ऑफिसर एका फोनवर प्रभारी शाखाधिकारी होतो.

अशा वेळी नवा प्रभारी हमखास साठलेल्या फायली उपसायला किंवा वसुलीला निघतो. माझ्या मते पहिल्या पंधरा दिवसांत त्याचं खरं काम एकच असतं: चार्ज घेतला त्या क्षणी शाखेत काय होतं आणि काय नव्हतं, हे कागदावर आणणं. हे झालं नाही, तर सहा महिन्यांनी निघालेली तूट जुन्या साहेबांची की याची, हे कोणालाच सांगता येत नाही.

सुरुवात तिजोरीपासून करावी. तिला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशियरकडे. मॅनेजरची चावी प्रभारीकडे येते. पण कॅशियरलाच प्रभारी नेमलं असेल, तर दुसरी चावी तिसऱ्या माणसाकडे जायलाच हवी. दोन्ही एकाच खिशात नकोत. साहेब चावी घेऊनच गेले असतील, तर डुप्लिकेट काढून काम भागवू नये, कुलूपच बदलून घ्यावं. मग मुख्य कार्यालयाच्या माणसासमोर रोकड मोजायची, कोणत्या नोटा किती ते लिहायचं, कॅशबुकाशी ताळा घालायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. रोकड जास्त भरली तरी आनंदून जाऊ नये. ती कोणाच्या तरी खात्यात जमा व्हायची राहिलेली असते.

सोनेतारणाच्या पाकिटांना वेळ लागतो, म्हणून ते काम टाळलं जातं. समजा रजिस्टरात २१४ पाकिटं आहेत आणि तिजोरीत २१३ भरली. बहुतेकदा एखाद्याने कर्ज फेडून सोनं नेलेलं असतं आणि रजिस्टरात नोंद राहिलेली असते. त्या कर्जदाराची पोच सापडली की प्रश्न मिटतो. ती सापडली नाही, तर त्याच दिवशी मुख्य कार्यालयाला लेखी कळवायचं, उद्यावर ढकलायचं नाही. सील शाबूत आहे का ते पाहून पाकीट न उघडता वजन करावं आणि पाकिटावर लिहिलेल्या वजनाशी ताडावं. फरक आला तरच मूल्यांकन करणाऱ्या सोनाराला बोलावून, साक्षीदारांसमोर ते उघडावं.

त्याच दिवशी आणखी दोन दारं बंद करायची असतात. संगणकावरचा साहेबांचा युझर आयडी बंद करायचा. जिथे संस्थेचं खातं आहे त्या बँकेला त्यांची सही रद्द केल्याचं पत्र द्यायचं आणि त्यावर पोचेचा शिक्का घ्यायचा. आधीच सह्या करून ठेवलेले कोरे चेक कुठे आहेत, हे कॅशियरला विचारायला लाजू नये.

आता गावाचा प्रश्न. बातमी बाजारात नेतात ते पिग्मी एजंट. ते रोज दुकानादुकानांत जातात आणि "साहेब का गेले हो?" हे त्यांनाच विचारलं जातं. म्हणून ग्राहकांच्या आधी त्यांना बसवून सांगावं: साहेब गेले, चार्ज माझ्याकडे आहे, पैसे देणं-घेणं नेहमीसारखं चालू आहे. कारणाबद्दल तर्क नको, सफाई नको. त्याच बैठकीत एजंटांकडून ग्राहकांची पासबुकं मागवावीत आणि शिल्लक संगणकाशी जुळवावी. घोटाळा असेल तर तो बरेचदा इथेच दिसतो. दुसरी खूण ठेव पावत्यांच्या पुस्तकात सापडते: मधलाच एखादा नंबर गायब असणं. तिसरी म्हणजे मार्चअखेर फिटलेलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तितक्याच रकमेचं पुन्हा दिलेलं कर्ज. याला आपल्याकडे 'जुनं-नवं' म्हणतात.

दुसऱ्या आठवड्यात लोक येऊन सांगू लागतात, "साहेबांनी कर्जाचा शब्द दिला होता." त्यांना नाही म्हणू नये, हो तर मुळीच नको. नाव, रक्कम, कागद काय आहेत, एवढं वहीत लिहून संचालक मंडळापुढे ठेवावं. प्रभारीने किती रकमेपर्यंत सही करायची, याचा मंडळाचा लेखी ठराव हातात येईपर्यंत नवं कर्ज वाटू नये. चेअरमनचा तोंडी होकार इथे चालत नाही.

वाचकहो, तुमच्या शाखेत असा बदल झाला, तर गर्दी करून ठेवी काढायला धावू नका. पावती आणि पासबुक घेऊन जा, संगणकावरची शिल्लक तपासून घ्या. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं.