तरुण वयातील स्तनाची गाठ : तीन तपासण्यांचा एकमताचा कौल

पंधरा ते तीस वर्षांच्या मुलीच्या स्तनात लागणारी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमाची असते. स्तनातील दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा एखादा छोटा पुंजका आणि त्याभोवतीची तंतुमय ऊती हार्मोनच्या प्रभावाखाली प्रमाणाबाहेर वाढली की ही गाठ होते. सध्याच्या वैद्यकशास्त्रात ती स्तनाच्या सामान्य विकासातच झालेला थोडा फरक मानली जाते. साध्या फायब्रोअ‍ॅडिनोमाचा कर्करोग होणे अत्यंत दुर्मीळ आहे. गाठ रबरासारखी घट्ट आणि गुळगुळीत असते, बोटाखालून इकडेतिकडे सरकते आणि सहसा दुखत नाही. तिचा आकार बहुधा एक ते तीन सेंटिमीटर असतो. काहींना एकाच वेळी दोन-तीन गाठीही असतात.

लातूरच्या शिकवण्यांसाठी मराठवाडाभरातून येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या हजारो मुली नेमक्या याच वयाच्या आहेत. गाठ आंघोळीच्या वेळी हाताला लागते आणि घरी कळायला कधी आठवडे, तर कधी महिने जातात. कळल्यावर एक तर ‘लग्नाआधी काढून टाका’ अशी घाई होते, नाही तर ‘या वयात काही नसतं’ म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही निर्णयांत तपासणीच होत नाही, आणि खरी चूक तीच आहे.

तपासणीचे तीन भाग आहेत. पहिला भाग डॉक्टरांच्या हाताचा. मुलीला आडवे झोपवून, हात डोक्यामागे घ्यायला सांगून, बोटांच्या सपाट भागाने दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा तपासतात. पाळीच्या आधी स्तन मुळातच गाठाळ लागतात, म्हणून गाठ नक्की आहे की नाही अशी शंका असेल तर पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत पुन्हा तपासणे योग्य ठरते. नक्की लागणाऱ्या गाठीसाठी मात्र थांबायचे कारण नाही.

दुसरा भाग सोनोग्राफीचा. तरुण स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत तो पांढराच दिसतो, त्यामुळे त्यात गाठ लपते. म्हणून तिशीच्या आत सोनोग्राफीच आधी करतात. चाळिशीनंतर मॅमोग्राफीही जोडली जाते. फायब्रोअ‍ॅडिनोमा पडद्यावर लंबगोल आणि स्वच्छ कडांचा दिसतो. त्याची लांबी त्वचेला समांतर असते आणि रुंदी उंचीपेक्षा जास्त असते. सुई टोचण्याआधी सोनोग्राफी झालेली बरी, कारण सुईमुळे आत रक्त साकळले तर चित्र फसवे होते.

तिसरा भाग सुईचा. एफएनएसीमध्ये बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरतात. ही तपासणी स्वस्त आणि झटपट होते. पण तिच्यात सुट्या पेशीच हाती येतात, ऊतीची रचना दिसत नाही. कोर बायोप्सीत जागा बधिर करून जाड सुईने ऊतीचे बारीक तुकडे काढतात आणि निदान अधिक खात्रीचे होते. पंचविशीच्या आत, हाताला आणि सोनोग्राफीला गाठ पूर्णपणे निरुपद्रवी वाटत असेल, तर काही ठिकाणी सुईची तपासणी टाळतात. सुई टोचल्याने गाठ ‘पसरते’ ही समजूत मराठवाड्यात खोलवर रुजलेली आहे. तिला आधार नाही, आणि तिच्यामुळे होणारा उशीर मात्र खराखुरा असतो.

तिन्ही निकाल निरुपद्रवी असले, तर कर्करोग सुटून जाण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी राहते. एक जरी निकाल वेगळे सांगत असेल, तर सर्वांत काळजीचा निकाल खरा धरून पुढे जायचे असते.

नमुन्यादाखल लातूरमध्ये शिकणारी अहमदपूर तालुक्यातील एक १९ वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणता येईल. तिच्या डाव्या स्तनात वरच्या-बाहेरच्या भागात दोन सेंटिमीटरची सरकती गाठ आहे. सोनोग्राफीत ती लंबगोल दिसते, माप २.१ बाय १.२ सेंटिमीटर. एफएनएसीचा अहवाल फायब्रोअ‍ॅडिनोमाचा आहे. तिन्ही निकाल जुळतात, म्हणून शस्त्रक्रियेची गरज नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर गाठ २.२ सेंटिमीटर भरली, तर तेवढा फरक मोजण्यातलाच मानतात. अनेक गाठी तशाच राहतात, काही आपोआप लहान होतात. सहा महिन्यांत वाढ वीस टक्क्यांहून अधिक असेल, गाठ तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल किंवा मुलीलाच ती नको असेल, तेव्हा काढणे रास्त आहे. झपाट्याने वाढणारी गाठ फायलोड्स प्रकारची असू शकते. सुरुवातीला ती हुबेहूब फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी वाटते आणि एफएनएसीत दोघींतला फरक खात्रीने कळत नाही. तिथे कोर बायोप्सी लागते, आणि गाठ काढताना भोवतीची निरोगी ऊतीही थोडी घ्यावी लागते. तसे केले नाही तर ती पुन्हा येऊ शकते.

आता २९ वर्षांची, अंगावर दूध पाजणारी एक स्त्री घ्या. घरचे तिच्या गाठीला दुधाची गाठ म्हणतात. एफएनएसीत फक्त सूज असल्याचा अहवाल येतो, पण सोनोग्राफीत कडा वेड्यावाकड्या दिसतात आणि गाठ रुंदीपेक्षा उंच आहे. इथे एफएनएसीच्या अहवालावर समाधान मानून घरी पाठवणे धोक्याचे असते. कदाचित सुई गाठीत पोहोचलीच नसेल. सोनोग्राफीखाली कोर बायोप्सी त्याच आठवड्यात व्हायला हवी. बाळंतपण आणि दूध पाजणे हे बायोप्सी टाळण्याचे कारण होत नाही.

पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, पस्तिशी ते पन्नाशीत जास्त आढळते, पण तरुणींतही होते. सोनोग्राफीत ती आतून काळी दिसते आणि तिच्यामागचा भाग उजळलेला असतो. अशी साधी सिस्ट दुखत नसेल तर तिला हात लावायचे कारण नाही. दुखत असेल तर सुईने पाणी काढतात. पाणी पिवळसर किंवा हिरवट असेल आणि गाठ पूर्ण नाहीशी झाली तर काम संपले. पाण्यात रक्त असेल, पाणी काढूनही काही घट्ट उरले असेल किंवा सिस्टच्या आतच घट्ट भाग दिसत असेल, तर पुढची तपासणी लागते.

काही चिन्हे दिसल्यास वय न पाहता तातडीने तज्ज्ञाकडे पाठवायचे असते. गाठ कठीण, खडबडीत आणि त्वचेला किंवा छातीला चिकटलेली असणे, त्वचा आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणे, स्तनाग्र नव्यानेच आत वळणे, एकाच स्तनाग्रातून आपोआप रक्त येणे, काखेत कठीण गाठ लागणे ही त्यांतली ठळक. स्तनाग्रावरचा न भरणारा चट्टा आणि प्रतिजैविकांनी दोन आठवड्यांत न ओसरणारी लाली व सूज हीही तशीच. आई, बहीण किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर साध्या वाटणाऱ्या गाठीकडेही अधिक काटेकोरपणे पाहावे लागते. तिशीनंतर लागलेली कोणतीही नवी गाठ दोन आठवड्यांत तज्ज्ञापर्यंत पोहोचावी. वेदना मात्र भरवशाची खूण नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

सरकारी कर्करोग तपासणी मोहिमेत स्तन तपासणी तीस वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी आहे. त्यामुळे विशीतल्या मुलीला स्वतःहूनच दवाखान्याची वाट धरावी लागते. नांदेडकरांसाठी विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरकरांसाठी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, इथल्या शल्यचिकित्सा विभागात जाता येते. कर्करोग निघाल्यास छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि लातूरजवळ बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शी परिसरातच सुरू झाली. कर्करोगावरच्या उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे. दुसऱ्या रुग्णालयात जाताना फक्त अहवालाचा कागद नेऊन भागत नाही. सोनोग्राफीची चित्रे, एफएनएसीच्या काचा आणि बायोप्सीचा मेणातला ब्लॉक मागून घ्यावा, म्हणजे तिथले पॅथॉलॉजिस्ट तीच ऊती पुन्हा पाहू शकतात आणि सुई दुसऱ्यांदा टोचण्याची वेळ सहसा येत नाही.